घनता की धनता?

दहावीच्या विज्ञानाच्या वहीतलं एक पान समोर आहे. वही माझ्या भाचीची. बाई वर्गात सांगत होत्या, तेव्हा निळ्या बॉलपेननं भराभरा उतरवून घेतलेलं. मथळा सुवाच्य आहे: ‘पाण्याचे असंगत आचरण’. खाली येता येता अक्षर तिरकं होत गेलं आहे आणि शिरोरेषा गळून पडल्या आहेत. तिसरी ओळ कोणीही सहज वाचली, तर अशी वाचेल: ‘४० से. ला धनता सर्वात जास्त’. प्रत्यक्षात तिनं लिहिलं आहे: ‘४° से. ला घनता सर्वांत जास्त’. एका लहानशा ओळीत वाचणाऱ्याला फसवणाऱ्या तीन जागा आहेत, आणि त्यांतली एक तर विज्ञानच उलटंपालटं करणारी. अंशाचं चिन्ह म्हणून काढलेलं बारीक वर्तुळ जरा मोठं झालं की त्याचं शून्य होतं, आणि चार अंशांचे चाळीस.

असं पान टाइप करायचं म्हणजे त्याचा फोटो काढून गटावर टाकणं नव्हे. फोटोत ‘घनता’ हा शब्द शोधता येत नाही, त्यातली चूक दुरुस्त करता येत नाही, मोठ्या टायपात छापून घेता येत नाही. त्यासाठी प्रत्येक अक्षर युनिकोडमध्ये उतरावं लागतं. हे काम टायपिंगच्या वेगाचं आहे असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते ते मुख्यतः वाचनाचं काम आहे. अक्षर लागलं की बोटं आपलं काम करतात. अक्षर न लावता बोटं चालवली, तर पान भरतं पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ वही हाताशी असेल तर उत्तमच, पण ती बहुधा दुसऱ्या दिवशी शाळेत जायची असते, म्हणून फोटो काढावाच लागतो. खिडकीपाशी, बाजूनं येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, फोन पानाला अगदी समांतर धरून काढावा. फ्लॅश नको, शाई चमकते आणि नेमकी जाड अक्षरं पांढरी पडतात. वहीचा कागद पातळ असतो, त्यामुळे मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटतात आणि त्यांचे ठिपके अनुस्वार असल्यासारखे दिसतात. पानाखाली काळा कागद सरकवला की ही मागची छाया बरीच फिकी होते. शिवणीजवळ पान वळतं, तिथली अक्षरं फोटोत चेपली जातात, म्हणून वही पूर्ण सपाट उघडावी. एका फोटोत एकच पान घ्यावं.

आता मूळ अडचणीकडे येऊ. छापील देवनागरीत घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्या ओळखण्याच्या दोन खुणा असतात. एक म्हणजे डावीकडच्या टोकाची छोटी गाठ, आणि दुसरी म्हणजे शिरोरेषेतली फट. घ, म आणि य यांच्यावर रेघ सलग जाते. ध, भ आणि थ यांच्यावर ती अर्धीच असते, गाठीच्या बाजूला मोकळी जागा राहते. घाईत लिहिणारा विद्यार्थी शिरोरेषा देणंच सोडून देतो. मग दुसरी खूण सगळ्याच अक्षरांतून नाहीशी होते, आणि पहिली, म्हणजे ती गाठ, पेन भरभर चालल्यामुळे कधी दिसते, कधी नाही. या पानावर ‘बर्फाचा थर’ मधला थ पाहिला तर तो सरळ ‘यर’ वाटतो. चूक एकाच अक्षरात नसते, एकाच कारणानं तीन जोड्या एकदम कोसळतात. म्हणून शिरोरेषा नसलेलं पान हातात आलं की या सहा अक्षरांपाशी प्रत्येक वेळी थांबायचं, असं मी ठरवूनच टाकलं आहे. ख आणि ‘रव’ ही सातवी जागा. ख च्या खालचे दोन भाग जोडले गेले नाहीत, तर ‘खाली’ चं ‘रवाली’ दिसतं. पण तिथे शब्दच निरर्थक होत असल्यानं चूक चटकन लक्षात येते. ‘धन’ आणि ‘घन’ हे दोन्ही शब्द खरे असल्यामुळे ती जोडी जास्त घातक.

यावर उपाय जुना आहे. मोडीचे कागद वाचणारी मंडळी तो वर्षानुवर्षं करत आली आहेत: त्या एका माणसाच्या हाताची वर्णमाला आधी तयार करायची. टायपिंग सुरू करण्यापूर्वी सगळं पान एकदा नुसतं वाचावं आणि ज्या शब्दांबद्दल तिळमात्र शंका नाही, ते बाजूला काढावेत. या पानावर ‘पाण्याचे’ हा शब्द मथळ्यात आहे, त्यातून तिचा य कसा वळतो ते कळतं. ‘थंड प्रदेशात’ हे शब्द संदर्भामुळे निश्चित आहेत, त्यातून तिचा थ सापडतो. आता ‘यर’ वाटणाऱ्या शब्दातलं पहिलं अक्षर या दोघांशेजारी ठेवून पाहिलं. य लिहिताना तिचं पेन डावीकडून सरळ खाली उतरतं. थ लिहिताना आधी आत वळून मग उतरतं. ते वळण पुसट असलं तरी आहे. शब्द ‘थर’ ठरला. घ आणि ध चंही असंच. ‘घन’ या अक्षरांनी सुरू होणारे शब्द या धड्यात वारंवार येतात, तेव्हा तिचा घ चार ठिकाणी पाहायला मिळतो. ध साठी मागचं पान उलटावं लागलं, तिथे ‘साधन’ होतं. दोन अक्षरं फोटोत मोठी करून एकाखाली एक पाहिली की शंका उरत नाही.

दुसरा आधार अर्थाचा. ‘४०’ की ‘४°’ हे हाताच्या वळणावरून ठरत नाही, कारण दोन्हीकडे वर्तुळच आहे. इथे विषय माहीत असावा लागतो. पाणी शून्य अंशापासून चार अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं तर ते प्रसरण पावायच्या ऐवजी आकुंचन पावतं, चार अंशांना त्याची घनता सर्वांत जास्त असते, आणि त्यापुढे ते इतर द्रवांप्रमाणे प्रसरण पावू लागतं. असंगत आचरण म्हणतात ते यालाच. त्यामुळे चाळीस हा आकडा इथे बसूच शकत नाही. ज्याला विषय ठाऊक नाही, त्यानं पुस्तकातला तो धडा आधी वाचून घ्यावा. दहा मिनिटं जातात, पण पुढे तासभर वाचतो.

त्याच पानावर होपच्या उपकरणाचा प्रयोग आहे. उभ्या भांड्यात पाणी, मध्यभागी भोवताली बर्फ आणि मीठ यांचं मिश्रण, आणि वर व खाली एकेक तापमापी. शेजारी दोन रकान्यांचा तक्ता. खालच्या तापमापीच्या रकान्यात १२ नंतर एक आकडा आहे, जो देवनागरी एक वाटतो आणि इंग्रजी नऊसारखाही दिसतो. मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत दोन्ही आकडे सर्रास मिसळलेले असतात, आणि १ व 9 यांची आकृती जवळजवळ सारखीच. वरून बंद झालेला ४ हा 8 वाटतो, तीही तीच तऱ्हा. रकान्यात पुढे ७, ५, ४, ४, ४ असे आकडे आहेत. मध्यभागी थंड झालेलं पाणी जड होऊन खाली बसतं, म्हणून खालचं तापमान आधी उतरत जातं आणि चार अंशांवर येऊन तिथेच थांबतं. बारा अंशांनंतर एक अंश आणि मग पुन्हा सात, असं होणार नाही. म्हणजे तो इंग्रजी नऊ. मग वरच्या रकान्यातली शून्यापर्यंत उतरणारी ओळही याच कसोटीवर तपासली: चार अंशांखाली पाणी पुन्हा हलकं होतं, वर जातं, म्हणून वरची तापमापी नंतर शून्याला पोचते. पूर्ण तक्ता प्रयोगाशी जुळला, तेव्हाच तो टाइप केला.

आता टायपिंग. पहिली प्रत मूळ पानाला इमानदार ठेवायची, हा माझा आग्रह आहे. ओळ जिथे संपते तिथेच संपवायची, ‘उदा.’ असेल तर ‘उदाहरणार्थ’ करायचं नाही, बाण असेल तर बाण ठेवायचा, आणि मुलीनं ‘पाणि’ असं ऱ्हस्व लिहिलं असेल तर तेही तसंच उतरवायचं. जे अक्षर लागलं नाही, तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालून पुढे जायचं. पुढच्या ओळी वाचताना त्यातले बरेच शब्द आपोआप उलगडतात. वाचणं आणि सुधारणं एकाच वेळी केलं, तर नंतर कळत नाही की हा शब्द तिनं असा लिहिला होता की आपल्याला असा वाटला. ‘पृष्ठभाग’ हा शब्द घ्या. हातानं लिहिलेले ष्ठ आणि ष्ट जवळजवळ एकच दिसतात. आपल्याला शब्द माहीत असतो म्हणून आपण ष्ठ वाचतो. ते बहुधा बरोबरच असतं, पण तो निर्णय आपला आहे, हे जाणून घ्यावा.

देवनागरी टाइप करताना नवख्या माणसाला एक गोष्ट खटकते: चिन्हं जिथे दिसतात, त्या क्रमानं ती टाइप होत नाहीत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण संगणकात नंतर द्यायची. रफाराचं उलट आहे. ‘सर्वांत’ या शब्दात रफार व च्या पुढे, कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि त्याच्या शेजारी अनुस्वाराचा ठिपका. वहीत हे दोन्ही मिळून एक वेडावाकडा फटकारा होतो, आणि वाचणारा ठिपका गमावतो. टाइप करताना मात्र उच्चाराचा क्रम पाळायचा. र हा व च्या आधीच येतो:

```
सर्वांत  =  स + र + ् + व + ा + ं + त
```

वहीतला तो फटकारा वाचण्याचीही किल्ली यातच आहे. शब्द मनात उच्चारून पाहावा. ‘सर्वात’ की ‘सर्वांत’? सगळ्यांमध्ये जास्त, असा अर्थ आहे, म्हणजे अनुस्वार हवा. तो कागदावर कुठेतरी असणार असं समजून पुन्हा पाहिलं, की बहुतेक वेळा फटकाऱ्याच्या टोकाशी शाईचा जाड ठिपका सापडतो.

मराठीचा खास अडथळा म्हणजे ऱ्य. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. हाताने लिहिताना मुलं दोन्हीकडे रफारच देतात, कारण तो सोपा. टाइप करणाऱ्यालाही कळफलकावर अर्धचंद्रासारखा र सापडत नाही आणि तो रफारावर भागवतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो अवघड नाही: Shift+J दाबलं की ऱ येतो, मग d नं पाय मोडायचा, आणि / या कळीवर य आहे. ‘वाऱ्याने’, ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ हे शब्द विज्ञान-भूगोलाच्या वहीत पावलोपावली येतात, तेव्हा ही तीन कळींची सवय लवकर होते.

दिसायला सारखी पण आतून वेगळी असणारी अक्षरं ही दुसरी गोम. ‘दुःख’ मधला विसर्ग आणि साधा अपूर्णविराम पडद्यावर जवळपास सारखे दिसतात. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडला, तर शोधताना तो शब्द कधीच सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर कोणी एकाच कळीनं देतं, कोणी अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवतं. दोन्हींचे संकेतांक निराळे. शंका आली तर वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt+X दाबावं. अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो: विसर्ग असेल तर 0903, अपूर्णविराम असेल तर 003A. पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत येतं. याउलट मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा दंडाचा ल यांचा संकेतांक मात्र एकच आहे. कोणता दिसेल ते फाँटवर ठरतं. ल चं रूप बदललेलं पाहून पुन्हा टाइप करत बसू नये, फाँट बदलावा.

फाँटचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. युनिकोड रुळण्याआधी मराठीत जे फाँट वापरात आले, त्यांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशा फाँटात टाइप केलेलं पान दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. काही छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत ते आजही चालतात. टायपिंग बाहेरून करून घ्यायचं असेल, तर ‘युनिकोडमध्ये द्या’ असं आधीच सांगावं. मजकूर मिळाल्यावर तो फोनवरच्या एखाद्या संदेशात चिकटवून पाहावा. तिथेही मराठीच दिसली, तर तो युनिकोड.

हे सगळं यंत्राकडून करून घेता येत नाही का, असं लगेच विचारलं जातं. छापील पानाच्या बाबतीत येतं, आणि चांगलं येतं. टेसरॅक्ट हा मोफत कार्यक्रम मराठी ओळखतो. स्कॅन तीनशे डीपीआयचं असेल तर एवढी एक ओळ पुरते:

```
tesseract pan-01.png pan-01 -l mar
```

पुस्तकाच्या स्वच्छ पानावर त्याचा निकाल वापरण्याजोगा येतो. पण तो शिकला आहे छापील अक्षरांवर. वहीच्या पानावर निळ्या आखणीच्या रेघा त्याला शिरोरेषा वाटतात, गळलेल्या शिरोरेषेमुळे शब्द कुठे संपतो ते समजत नाही, आणि बाहेर पडतो तो तुकड्यांचा ढीग. फोनवरच्या कॅमेऱ्यानं किंवा ऑनलाइन दस्तऐवजात चित्र उघडून मजकूर काढणाऱ्या नव्या सोयी हस्ताक्षरही बऱ्यापैकी वाचतात. सुवाच्य, सुटं अक्षर असेल तर त्यांची प्रत कच्चा खर्डा म्हणून घ्यायला माझी हरकत नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. जुना कार्यक्रम चुकला की कचरा देतो, तो डोळ्याला दिसतो. नवी साधनं चुकतात तेव्हा बहुधा खरा, शुद्ध, वाक्यात बसणारा शब्द देतात. ‘दुर्वाहक’ च्या जागी ‘सुवाहक’ आलं, तर वाक्य गुळगुळीत वाचलं जातं आणि अर्थ नेमका उलटा होतो. कारण तळ्यावरचा बर्फाचा थर उष्णतेचा दुर्वाहक असतो, म्हणून तर त्याखालचं पाणी गोठत नाही आणि मासे जगतात. फोनच्या कळफलकावर आपोआप शब्द सुचवणारी सोयही हेच करते. टाइप करताना ती बंदच ठेवावी.

म्हणून तपासणी एकट्यानं, नुसत्या डोळ्यांनी करू नये. छापखान्यातली मुद्रितशोधनाची जुनी पद्धत इथे सर्वांत उपयोगी आहे: एकानं वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर पाहायचं. वाचणारा ‘चार अंश सेल्सिअस’ म्हणतो आणि पडद्यावर ४० दिसतं, तेव्हा चूक लपू शकत नाही. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ हेही म्हणून दाखवायचे. ज्याची वही आहे, तोच वाचायला बसला तर आणखी चांगलं. भाचीनं या पानावरची दोन चौकटी प्रश्नचिन्हं क्षणात सोडवली: एक तिनं स्वतः बनवलेला ‘प्र.’ होता, ‘प्रसरण’ साठी. ती मागच्या पानावर प्रश्नालाही ‘प्र.’ लिहिते, म्हणून संदर्भावरून तो कळत नव्हता. कोणी सोबत नसेल, तर शेवटच्या ओळीपासून वर वाचत यावं. वाक्याचा ओघ तुटतो आणि डोळा शब्दावर थांबतो. शिवाय शोधा या सोयीत ‘धन’ टाकून पाहावं. असंगत आचरणाच्या पानावर तो एकदाही सापडायला नको.

एवढं झाल्यावर इमानदार प्रतीची नक्कल करून स्वच्छ प्रत करायची, आणि सुधारणा फक्त तिच्यात. इथे ‘पाणि’ चं ‘पाणी’ करावं, ‘प्र.’ उलगडावा, आकडे सगळे एकाच लिपीत आणावेत, अंशाचं चिन्ह शून्य टाइप करून वर उचललेलं नसावं तर खरं ° असावं. तक्ता मोकळ्या जागा सोडून रचू नये, वर्डमधला तक्ता घालावा, नाहीतर फाँट बदलताच रकाने सरकतात. आकृतीचं मात्र टायपिंग होत नाही. होपच्या उपकरणाची आकृती वहीतून कापलेल्या फोटोच्या रूपानं घालावी, आणि तिच्यावरची नावं, ‘तापमापी’, ‘बर्फ व मीठ’, खाली मजकुरातही लिहावीत, म्हणजे शोधताना ती सापडतात. मूळ फोटो, इमानदार प्रत आणि स्वच्छ प्रत या तिन्ही फायलींना एकच नाव द्यावं, विषय, धडा आणि वहीचा पान क्रमांक असलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या आकड्याबद्दल वाद निघाला, तर कोणत्या पानावर पाहायचं ते विचारावं लागत नाही.